उघडं राहिलेलं अवतरण

रोह्याच्या केमिकल कंपनीत ड्रमांची लेबलं छापणारा प्रोग्राम मी पायथनमध्ये लिहिला होता. लेबलावर काय यायचं ते एका साध्या फाईलमध्ये असे: डावीकडे नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे अवतरणचिन्हांत मजकूर. रिकाम्या ओळी प्रोग्राम सोडून देई आणि # या खुणेपुढचं सगळं टीप समजून टाकून देई. शिफ्टचे एक सुपरवायझर ही फाईल भरत; त्यांना मी सांगून ठेवलं होतं, खुणेपुढे हवं ते लिहा, छापणार नाही.

त्यांनी फाईलमध्ये टाकीचं नाव घातलं:

name = "TANK #2"

लेबलावर आलं नुसतं "TANK, # पासून पुढचं टीप म्हणून गळलं. मी त्यांच्यावरच डाफरलो.

"अवतरणात लिवलंय ना," ते म्हणाले.

मुद्दा बिनतोड होता, त्यामुळे राग आणखीच आला. मग मी प्रोग्रामला ओळ अक्षर-अक्षर वाचायला लावली. अवतरण उघडलं की ते बंद होईपर्यंत # हे साधं अक्षर धरायचं. बंद झालंच नाही तर काय, ते उद्या बघू म्हटलं आणि पेणची गाडी पकडली.

सकाळी आलो तर ड्रमांवर लेबलं चिकटली होती:

TANK #3 # COMPUTERWALA BHAV KHATO

फाईलमध्ये टाकीचा नंबर बदलताना त्यांचं शेवटचं अवतरणचिन्ह राहिलं होतं. ओळ संपेपर्यंत ते उघडंच, म्हणून त्यांनी खुणेपुढे लिहिलेली टीपही मजकुरात गेली. मी त्यांना ड्रमापाशी नेलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

"छापणार नाय, असं तुमीच बोललेलात."