मागच्या दाराचा पत्ता

हॉटेलातले लोक त्यांना ‘पत्तेवाले’ म्हणत. नव्याने कामाला लागलेल्या माणसाला वाटायचं, गृहस्थ पत्ते खेळण्यात पटाईत असणार. प्रत्यक्षात त्यांनी जन्मात पत्त्यांचा डाव मांडला नव्हता. पाहुण्यांना हॉटेलचा पत्ता नीट समजावून सांगणं हा त्यांचा ध्यास होता, आणि त्यामुळेच हे नाव त्यांना चिकटलं होतं.

त्याला कारणही होतं. रस्त्यावरच्या इमारतींना पालिकेने काही वर्षांपूर्वी नवे क्रमांक दिले होते. हॉटेल चौदाचं एकतीस झालं, पण वेबसाइटवर चौदाच राहिलं. नकाशात चौदा टाकलं की गाडी दुभाजकाच्या पलीकडे, टायरच्या दुकानासमोर जाऊन उभी राही. तिथून वळून यायचं तर पुढचा चौक गाठावा लागे, आणि रहदारीच्या वेळी त्यातच अर्धा-पाऊण तास जाई. पत्तेवाल्यांनी मुख्य कार्यालयाला याबद्दल सात वेळा लिहिलं. सातही वेळा ‘आपली सूचना नोंदवली आहे’ असं उत्तर आलं.

सव्वीस वर्षांच्या नोकरीतली पहिली वीस त्यांनी पुढच्या काउंटरवर काढली. मग केस पांढरे झाले, गुडघे धरले, आणि तिथे तरुण चेहरे हवेत असं वरून आलं. त्यांना जिन्याखालच्या खोलीत बसवून आलेल्या ई-मेलना उत्तरं द्यायचं काम दिलं. खोलीला खिडकी नव्हती. पण काम त्यांना आवडलं. तयार मजकूर ठरलेला होता, नाव बदलायचं आणि पाठवायचं. दिवसाला शंभर मेल सहज उरकले असते. हे मात्र प्रत्येक मेल दोनदा वाचत, उठत, जाऊन बघून येत आणि मग लिहीत. मॅनेजर त्यांच्या मुलाच्या वयाचा. तो म्हणे, “काका, लोक प्रश्न विचारतात, पण उत्तर वाचत नाहीत.” हे मान डोलावत आणि आपलंच खरं करत.

एका सोमवारी एका बाईंचा मेल आला. पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी त्या, त्यांचा नवरा आणि वडील असे तिघे येणार होते. वडील त्र्याऐंशी वर्षांचे, चाकाच्या खुर्चीत. त्यांचा धाकटा भाऊ जवळच्या इस्पितळात होता आणि फार दिवसांचा सोबती नव्हता. दोघांची गाठ नऊ वर्षांत पडली नव्हती. भेटायची वेळ चार ते सहा. बाईंनी विचारलं होतं: नक्की पत्ता काय, गाडीपासून सर्वांत जवळचं दार कुठलं, तिथे पायऱ्या आहेत का, आणि उंच टपाची गाडी लावायला जागा मिळेल का. शेवटी लिहिलं होतं, “वडिलांना एकदा उचलून नेताना पाडलं होतं, कंबरेचं हाड मोडलं. तेव्हापासून ते कुणाला उचलू देत नाहीत. म्हणून एवढं विचारते, राग मानू नका.”

पत्तेवाल्यांनी टेप खिशात टाकली आणि ते बाहेर पडले. पुढच्या दाराला नऊ पायऱ्या. तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी उंचीची आडवी दांडी, तिच्याखालून उंच टपाची गाडी जाणं शक्य नव्हतं. पण मागच्या गल्लीत सामान उतरवायचं दार होतं. त्याला उतार होता, शेजारी दोन गाड्यांची उघडी जागा होती आणि आत शिरलं की चार पावलांवर लिफ्ट. त्यांनी उताराची रुंदी मोजली, दाराची मोजली, लिफ्टचीही मोजली. सगळं बसत होतं.

मग त्यांनी लांबलचक उत्तर लिहिलं. नकाशात चौदा टाकू नका, एकतीस टाका. टायरचं दुकान दिसलं तर समजा चुकलात. पेट्रोल पंपानंतरची पहिली डावी गल्ली, हिरवं फाटक. जागा राखून ठेवतो, मी स्वतः दाराशी असेन. तासाभरात बाईंचं उत्तर आलं. त्यांनी तो मेल छापून गाडीत ठेवला होता. पुढे लिहिलं होतं, “चार हॉटेलांना विचारलं. कुणी नीट वाचूनसुद्धा पाहिलं नाही.” पत्तेवाल्यांनी हे घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “बघा, कुणीतरी वाचलं तुमचं,” आणि बऱ्याच दिवसांनी दोघंही हसले.

शुक्रवारी मॅनेजरने सगळ्यांना बोलावलं. मागची बाजू एका कुरिअर कंपनीला गोदामासाठी दिली होती. बुधवारपासून तो रस्ता बंद. आणि मेलचं काम सोमवारपासून मुख्य कार्यालय बघणार, पत्तेवाल्यांनी पुन्हा काउंटरच्या मदतीला जायचं. खुर्च्या मागे सरकल्या, लोक उठले. पत्तेवाले तिथेच बसून राहिले. मग त्यांनी गुरुवारच्या पाहुण्यांचं सांगितलं.

“त्यांना कळवून टाका ना काका,” मॅनेजर म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्यालाही वरून आलेलंच खाली द्यायचं होतं.

ते खोलीत आले तर मेल आधीच काढून घेतलेला. पासवर्ड बदलला होता. बाईंचा मेलपत्ता पाठ नव्हता. बुकिंगमध्ये फोन नंबर होता, पण लिहिताना शेवटचा आकडा गळलेला. पत्तेवाल्यांनी त्या जागी शून्यापासून नऊपर्यंत एकेक आकडा लावून पाहिला. पाच नंबर अस्तित्वातच नव्हते, तीन ठिकाणी भलत्याच लोकांनी उचलला, दोन वाजतच राहिले. मुख्य कार्यालयात एक मुलगी फोनवर आली. तिने सगळं ऐकून घेतलं, तक्रार क्रमांक दिला आणि पाहुण्यांना नक्की कळवू म्हणाली.

दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा फोन केला. कळवलं आहे, असं पलीकडच्या मुलीने सांगितलं. काय कळवलं, ते तिला दिसत नव्हतं.

बुधवारी मागच्या उतारावर खोक्यांची रास लागली. पत्तेवाल्यांनी गोदामाच्या मुकादमाला गाठून अडचण सांगितली. मुकादम भला निघाला. म्हणाला, तासभर खोकी हलवतो, त्यात काय मोठं. ते आत गेले तर गोदाम आणि लिफ्ट यांच्यामधल्या दाराच्या जागी विटांची भिंत उभी होती. मसाला अजून ओला होता. मुकादमाने भिंतीला हात लावला आणि तो पुसत म्हणाला, “हे काही माझ्या हातात नाही, दादा.”

गुरुवारी पत्तेवाले दुपारी दोनपासून गल्लीत उभे होते. तीन वाजले, साडेतीन झाले. सव्वाचारला उंच टपाची पांढरी गाडी गल्लीत शिरली. बाई पुढे बसल्या होत्या. हातात दोन कागद होते.

काय झालं ते त्यांनी उतरता उतरता सांगितलं. गेल्या शनिवारी हॉटेलकडून नवा मेल आला होता: ‘आमच्या पत्त्याची खात्री करून देत आहोत, क्रमांक चौदा.’ नंतरचा मेल म्हणजे तोच खरा, असं त्यांनी धरलं. टायरच्या दुकानासमोर पोचल्यावर चूक कळली. चौकातून वळून परत येईपर्यंत पाऊण तास गेला. दार बंद झाल्याचा त्या मेलमध्ये शब्दही नव्हता.

पत्तेवाल्यांनी हात जोडले आणि भिंतीचं सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी दोन्ही कागदांची घडी घातली आणि विचारलं, “मग आता कुठून?” सकाळपासून बसून म्हाताऱ्यांची कंबर भरून आली होती, त्यांना आधी जरा आडवं करायला हवं होतं.

पुढच्या दाराशी गाडी थांबवायलाही मनाई होती; पहारेकऱ्याला विनवून उभी केली. हॉटेलचे चौघे खुर्ची उचलायला पुढे आले. म्हाताऱ्यांनी नऊ पायऱ्यांकडे पाहिलं आणि खुर्चीचे हात घट्ट धरले. नुसती मान हलवत राहिले. जावयाने समजावलं, लेकीने समजावलं. ती रडायला लागली तेव्हा ते एवढंच बोलले, “पायऱ्या नाहीत म्हणाली होतीस.”

पाच वाजायला दहा मिनिटं होती. पत्तेवाले म्हणाले, सरळ इस्पितळात चला, तिसऱ्या फाटकाला उतार आहे, मी दाखवतो. ते गाडीत चढले. मॅनेजरने हाक मारली ती त्यांनी ऐकली, पण काच वर केली.

तिसऱ्या फाटकाला खरोखर उतार होता. तेवढं एक बरोबर निघालं. खुर्ची आत गेली तेव्हा सव्वापाच झाले होते. पत्तेवाले बाहेरच्या बाकावर बसले. सहाला घंटा झाली आणि तिघं बाहेर आले. म्हातारे समोर बघत होते. बाईंनी बाजूला येऊन सांगितलं, काका साडेचारपर्यंत उशीला टेकून बसले होते, दाराकडे बघत होते, दादा आला का म्हणून दोनदा विचारलं. मग दुखणं वाढलं, पाचला इंजेक्शन दिलं. बाबा पोचले तेव्हा ते झोपले होते. परिचारिका म्हणाली, आता सकाळपर्यंत उठायचे नाहीत.

“बाबा हात धरून बसले होते,” बाई म्हणाल्या. “उठवू नका म्हणाले.”

पत्तेवाल्यांनी दुसरं एखादं बिनपायऱ्यांचं हॉटेल शोधून देतो म्हटलं. एक रात्र राहा, सकाळी भेट होईल. बाईंनी वडिलांना विचारलं. म्हातारे म्हणाले, घरी. पुन्हा विचारलं, तरी घरीच. पाच तासांचा रस्ता होता. निघताना बाईंनी खिडकीतून विचारलं, “तो पहिला मेल तुम्हीच लिहिला होता ना?” ते हो म्हणाले. बाईंनी मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ पत्तेवाल्यांना पुढे कितीही विचार केला तरी लागला नाही.

आठ दिवसांनी बुकिंगच्या साइटवर जावयाने लिहिलं: हॉटेलने चुकीची माहिती दिली, सासऱ्यांची भावाशी भेट हुकली, काका रविवारी गेले. खाली मुख्य कार्यालयाचं उत्तर होतं: ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पुन्हा सेवेची संधी द्यावी.’ वरून चौकशी आली. मागचं दार वापरा, असं अनधिकृतपणे लिहिणारा कोण, म्हणून पत्तेवाल्यांकडे खुलासा मागितला.

त्यांनी घरी बसून लिहायला घेतला. आधी लिहिलं, मी कळवलं तेव्हा दार होतं. मग तो कागद फाडला. बायको म्हणाली, “अहो, खरं आहे ते लिहा की.” ते म्हणाले, “खरं लिहून तो माणूस जागा होणार आहे का?” दुसऱ्या कागदावर त्यांनी माफी मागितली आणि सही केली.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. ते काउंटरच्या टोकाला बसून खोल्यांची कार्डं देत. कुणी फोनवर पत्ता विचारला तर सांगायचं वाक्य त्यांना लिहून दिलेलं होतं. ते तेवढंच वाचत, “सर्व माहिती वेबसाइटवर आहे.” पलीकडचा माणूस आणखी काही विचारू लागला की ते सगळं ऐकून घेत, आणि मग तेच वाक्य पुन्हा वाचत.