मामाचा घास

माझी थोरली लेक पाच महिन्यांची होत आली तेव्हा मसुऱ्याच्या आमच्या घरात उष्टावणीची बोलणी सुरू झाली. देश स्वतंत्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. मुलग्याची उष्टावण सम महिन्यात, सहाव्या किंवा आठव्या. मुलीची विषम, पाचव्या नाहीतर सातव्या. भटजींनी पंचांग पाहिलं, चतुर्थी, नवमी, चतुर्दशी टाळली आणि मार्गशीर्षातली शुद्ध दशमी काढून दिली. जाताना म्हणाले, "मुलगी आहे, तेव्हा मंत्र नाहीत. गणपतीपूजन करू, देवाला नैवेद्य दाखवू, मग मामाने घास भरवायचा. फार वेळ लागणार नाही."

मामा म्हटलं आणि ओटीवरच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला भाऊ एकच. आईवडील मी सात वर्षांची असताना गेले. त्यानंतर दादानेच मला वाढवलं, वेण्या घातल्या, आणि कणकवलीच्या शाळेत मास्तर झाल्यावर माझं लग्नही लावून दिलं. पुढच्या वर्षी त्याने त्याच शाळेतल्या एका ख्रिस्ती बाईंशी लग्न केलं. नोंदणी करून, दोन साक्षीदार घेऊन. त्या दिवसापासून माझ्या सासरी त्याचा विषय निघत नसे.

सासूबाईंनी तोडगा काढला. "मामा नाय म्हणान उष्टावण थांबाची नाय. तुझो चुलतभाव आसा मां? तोय मामाच."

मी यजमानांकडे पाहिलं. ते कचेरीत कारकून होते. साहेबासमोर बोलत, आईसमोर नाही. खोलीत आल्यावर हळूच म्हणाले, "तारीख त्याच्या कानावर गेली तर तो येणार. तूच काय ते कळव. येऊ नको म्हणून."

'येऊ नको' हे दोन शब्द माझ्याने लिहवेनात. कार्ड पुढ्यात घेऊन बराच वेळ बसले. शेवटी लिहिलं : 'पोरीला बरं नाही. ताप आहे. उष्टावण आता सातव्या महिन्यात करू म्हणतात. तेव्हा कळवीन.' हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खोटं माझं होतं, अक्षरही माझं. दादानेच गिरवून घेतलेलं.

दशमीला पहाटे मी न्हाले. पोरीला तेल लावून आंघोळ घातली, नवं झबलं चढवलं, काजळ घातलं, गालावर तीट लावली. सासूबाईंनी घरच्या तांदळाची खीर नारळाच्या रसात शिजवली. एका बाजूला मऊ गुरगुट्या भात. त्यातला चमचाभर घेऊन दही, मध आणि साजूक तुपाबरोबर कालवला. मध आणि तूप सारखं घ्यायचं नसतं म्हणून तूप थोडं जास्त. पाहुण्यांसाठी काळ्या वाटाण्याची आमटी, वडे आणि सोलकढी. माझ्या हाताला काम भरपूर होतं, ते एक बरं झालं.

देवाला खिरीचा नैवेद्य झाला. माजघरात पाटाभोवती रांगोळी काढली होती. चुलतभाऊ पूर्वेकडे तोंड करून बसला. त्याला मी लग्नानंतर एकदाच पाहिलं होतं. पोर मांडीवर देताना ती माझ्या पदराला धरून राहिली. एकेक बोट सोडवावं लागलं. पाच सुवासिनींनी तिला ओवाळलं. चुलतभावाने चांदीच्या वाटीतल्या खिरीत सोन्याची अंगठी बुडवली.

तेवढ्यात घरापुढच्या खळ्यातून हाक आली, "बाय गो!"

दादा होता. एसटी चुकेल म्हणून घरून उपाशीच निघालेला, फाट्यापासून चालत आलेला. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. एका हातात औषधाची बाटली, दुसऱ्या हातात आरारूटचा पुडा. तो ओटीच्या पहिल्या पायरीवरच थांबला. दारावर आंब्याचं तोरण होतं आणि दार सताड उघडं होतं. तिथून पाट दिसत होता, निरांजन दिसत होतं, दुसऱ्याच्या मांडीवरची पोर दिसत होती.

मी दारात गेले.

"ताप उतरलो?" त्याने विचारलं.

मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

तो माझ्या खांद्यावरून आत पाहत राहिला. आतून सासूबाईंचा आवाज आला, "चल, भरव आता. वेळ जाता." चुलतभावाने अंगठीला लागलेली खीर पोरीच्या ओठांना लावली. तिने तोंड वाकडं केलं, मग जीभ बाहेर काढून चाटलं. बायका हसल्या. त्याने दुसऱ्यांदा लावली, तिसऱ्यांदा लावली, मग कालवलेल्या भाताचं एक शीत आणि वर पाण्याचा थेंब. दादाने सगळं पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"चेडू बरां आसा. झाला तर मग," तो पोरीकडे बघत म्हणाला. बाटली आणि पुडा त्याने पायरीवर ठेवला.

"दादा, पाणी तरी पी."

"नको. माका परतीची गाडी पकडूक होयी."

मी त्याच्यामागे धावले नाही. का, हे मी कितीदा स्वतःला विचारलं आहे. खळं ओलांडायला वीस पावलं पुरली असती. पण आतून हाक आली आणि मी आत वळले. पोरीसमोर पाटी, पुस्तक, फणी, मातीचं ढेकूळ आणि सोन्याची बांगडी मांडायची होती. ती काय उचलते त्यावरून पुढचं ओळखतात. तिने काही उचललं नाही. ती रडत होती. सासूबाईंनी तिची मूठ धरून बांगडीवर ठेवली आणि सगळ्यांनी बरं झालं म्हटलं.

चार वर्षांनी मुलगा झाला. सहाव्या महिन्यात उष्टावण ठरली. या वेळी मंत्र, पुण्याहवाचन, सगळं होतं. सासूबाई एव्हाना थकल्या होत्या, त्यांचा पीळ सैल झाला होता. मी हट्ट धरला आणि दादाला सगळं खरंखुरं लिहिलं, माफी मागितली, ये म्हटलं. आठव्या दिवशी कार्ड आलं. त्यात दोनच ओळी होत्या : 'उष्टावणीला येत नाही. मुलाला खरंच बरं नसेल तेव्हा कळव, मी येईन.'

सासूबाई म्हणाल्या, चुलतभावाला बोलवा. मी नाही म्हटलं. घास मुलाच्या आजोबांनी, माझ्या सासऱ्यांनी भरवला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी तळेऱ्याला गाडी बदलायला उतरले होते. स्टँडवर एक बाई मला निरखीत होत्या. जवळ आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही यांच्या बहीण ना? घरात तुमचा फोटो आहे." दादा तिकिटाच्या खिडकीशी रांगेत होता, पाठमोरा. वहिनींना मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी माझा हात धरला.

"थोरली कशी आहे? तेव्हा केवढा ताप होता तिला! तुमचं कार्ड आलं त्या रात्री हे झोपले नाहीत. मी नऊ दिवस मेणबत्ती लावली तिच्यासाठी. परत येऊन म्हणाले, आता बरी आहे, पण उष्टावण काही झाली नाही."

त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिच्यासमोरसुद्धा त्याने माझी लाज राखली होती.

खरं सांगायला ती जागा वाईट नव्हती. गर्दी होती, कोणी ऐकलं नसतं. मी म्हणाले, "हो, बरी आहे आता. शाळेत जाते." माझी गाडी लागली. दादा अजून रांगेतच होता. मी त्याला हाक मारली नाही.