झाकणाची पलीकडची कड

“झाकण उचलायला ताकद लागत नाही, थांबायला लागते,” असं वडिवांबाळ, सगळ्यांची वडिवू, एकदा म्हणाली होती. इडलीच्या भांड्यापुढे उभं राहण्यात तिचा जन्म गेला होता.

कुंभकोणमच्या बसस्टँडमागे नमशिवायम अण्णांची मेस. भट्टी दारातच, रस्त्याला पाठ करून उभं राहायचं आणि पुढ्यात गिऱ्हाइकांची बाकं. झाकणाची पलीकडची कड आधी उचलावी, म्हणजे वाफ आपल्यापासून दूर जाते, हे वडिवूला लहानपणापासून ठाऊक होतं. पण इथं पलीकडे गिऱ्हाईक बसलेलं. खायला आलेल्याच्या तोंडावर वाफ सोडायची नाही, हा मेसचा जुना रिवाज. म्हणून झाकण स्वतःकडे उघडायचं. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत फिकट, चकाकते पट्टे होते. त्यांच्याकडे आता तीही बघत नसे.

यंदा तिचा खांदा वर जाईना. मुलगा तिरुप्पूरला गिरणीत, तिथं मिळेल ते तिथंच संपायचं. म्हणून सून कयलविळी भट्टीवर आली. अण्णांनी तिला ठेवून घेतलं, ते वडिवूच्या शब्दावर.

वडिवूनं तिला सगळं शिकवलं. आधी गॅस बंद, मग जरा दम धर. फडकं कोरडंच घे, ओल्यातून चटका आरपार येतो. तोंड बाजूला. पांढरी दिसते ती वाफ निवत आलेली. कडेपाशी जी दिसत नाही, ती खरी. भाताच्या कुकरचंही तेच, आतला जोर आपोआप उतरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही.

“आणि कड कुठली आधी, अत्तै?” कयलनं सासूला विचारलं.

वडिवूनं फडक्याची घडी केली. मग म्हणाली, “घरी पलीकडची. इथं अलीकडची.”

हे सांगताना तिला स्वतःचाच शीण आला. त्याच संध्याकाळी तिनं अण्णांपाशी विषय काढला. भट्टी भिंतीकडे वळवा, पोरगी भिंतीकडे वाफ सोडील. अण्णा हसले. माझ्या मेसला पाटी नाही, ती वाफच माझी पाटी, म्हणाले. इतकी वर्षं तुझं काय बिघडलं? वडिवूनं हात पदराखाली घेतले.

मग लग्नाच्या मोठ्या मुहूर्ताचा दिवस आला, गावात वऱ्हाडं उतरलेली. भल्या सकाळी बाकं भरली, दारात माणसं उभी. अण्णा पानं मांडत होते आणि दर थोड्या वेळानं ओरडत होते. वडिवू मागं चटणी वाटत होती. “कयल, इडली शिजते आहे का उगवते आहे?” अण्णांच्या या बोलण्यावर बाकं हसली. कयलनं गॅस बंद केला नाही, दमही धरला नाही. रिवाजाप्रमाणे झाकण स्वतःकडे उघडलं.

वाफ सरळ तिच्या हातावर आली. झाकण खाली पडल्याच्या आवाजानं वडिवू बाहेर आली.

अण्णांनी तोवर इडलीच्या पिठात हात घातला होता. भाजलं की पीठ थापायचं, त्यांच्या आईनंही तेच केलं असतं. वडिवूनं त्यांचा हात बाजूला सारला आणि कयलला मोरीवर नेऊन नळ सोडला. आधी बांगड्या. हात सुजला की त्या रुततील. काचेच्या बांगड्या पाण्याखाली एकेक सरकवताना मागून आलेली कुणीतरी म्हातारी पुटपुटली, भरल्या कपाळाच्या बाईचे हात रिकामे करतेस. वडिवूनं पुढची बांगडी सरकवली.

“गार वाटतं, अत्तै. झालं आता,” कयल दात आवळून म्हणाली.

“झालं नाही. वाफ आत शिरलेली असते. धर तसाच.”

दोन घाणे निघतील इतका वेळ तिनं तो हात धारेखाली धरून ठेवला. तिचा स्वतःचा हात त्याला लागूनच होता. एक जुना, एक नवा. पट्टा मात्र अगदी त्याच जागी उठत होता. पोरीला ही जागा आपण दिली, हे तिच्या मनात आलं आणि तिथंच बसून राहिलं.

अण्णा मोरीच्या दारात आले. आवाज मऊ होता. “डॉक्टरचं मी बघतो. दोन दिवस बसू दे तिला घरी, मग येऊ दे. तोवर तू उभी राहा, वडिवू. लोक खोळंबलेत.”

“भट्टी वळवाल?”

“आत्ता? मुहूर्ताच्या दिवशी?”

“आत्ता नाही. कधीतरी?”

अण्णांनी बाकांकडे पाहिलं, भांड्यातून चढणाऱ्या वाफेकडे पाहिलं. “लोकांना सवय झालीय गं,” ते म्हणाले.

वडिवूनं भट्टीपाशी जाऊन गॅस बंद केला. दोरीवरचं धुतलेलं मऊ धोतर फाडून कयलच्या हातावर सैलसं टाकलं. तिच्या दुसऱ्या हाताला धरलं आणि बाकांमधून, दारातल्या माणसांना बाजूला करत, सरकारी दवाखान्याच्या रस्त्याला लागली. मागून अण्णांनी दोनदा हाक मारली. ती चालत राहिली.