फोटोतला सरळ फेटा

आमची आत्या लग्नकार्यात फेटे बांधते आणि दुसऱ्याने बांधलेला फेटा तिला पसंत पडत नाही. दादाच्या लग्नादिवशी ती नवरीकडच्यांचे फेटे बांधायला गेली होती, म्हणून बाबांनीच दादाला फेटा बांधला आणि तिला फोटो पाठवला. घड्या एकसारख्या, कपाळावरची कड अगदी सरळ. बाबा मिशीला पीळ देत बसले. लगेच आत्याचा फोन आला.

“अरे, फेटा काय बघतोस? कान बघ! एक वर, एक खाली. पोराने मान वाकडी केलीय, म्हणून फेटा सरळ दिसतोय. त्याला ताठ उभा कर आणि परत फोटो पाठव.”

दादा ताठ उभा राहिला. फेट्याची कड थेट एका भुवईवर आली.

बाबांनी फोटो पाठवला नाही. आत्याला आणायला गाडी पाठवली.