सी ड्राइव्ह लाल झाली तेव्हा

माझा धाकटा भाऊ आदिलाबादकडे बेल्याला फोटो स्टुडिओ चालवतो. त्याला कॅमेरा उत्तम कळतो, माणसं त्याहून चांगली कळतात, आणि कॉम्प्युटर काडीचा कळत नाही. मी जवळच्याच गावात मराठी शाळेत शिकवते. शाळेची ऑनलाइन कामं माझ्या गळ्यात पडली, म्हणून मला चार गोष्टी येतात. एवढ्या भांडवलावर घरात मी इंजिनिअर ठरले आहे. शनिवारची सुट्टी होती, डोक्याला तेल लावून बसले होते, तेवढ्यात त्याचा फोन आला.

"ताई, कॉम्प्युटरले जागाच नाही राह्यली. सी लाल होऊन राह्यली. येतं का लवकर? पार्टी येऊन बसली."

ज्यांच्या घरचं लग्न, त्यांना हे फोटोवाले पार्टी म्हणतात. फोल्डरलाही गाव लावून तीच नावं देतात. बेला पार्टी, जैनथ पार्टी, जैनथ पार्टी नवीन, नवीन नवीन. असल्या नावांतून काही शोधायचं म्हणजे कापसाच्या ढिगात सुई शोधण्यासारखं आहे. हे त्याला मी हजारदा सांगितलंय. तो हजारदा "हो ताई" म्हणालाय.

स्टुडिओत गेले तर पासपोर्ट फोटो काढायच्या स्टुलावर एक मुलगी बसली होती. गेल्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. भावानंच शूटिंग केलं होतं, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे व्हिडिओ अजून दिलेला नव्हता. मधल्या काळात तिचे वडील गेले. उटनूरला एका ऑफिसात कारकून होते. मी त्यांना ओळखायचे, बसस्टँडवर भेटले की ते न चुकता जय भीम घालायचे. उद्या रविवारी त्यांचा पुण्यानुमोदनाचा, म्हणजे त्यांच्या आठवणीचा, कार्यक्रम होता. मुलीला वडिलांचा आवाज हवा होता.

"फोटो हायेत मॅडम," ती मला म्हणाली. "पण बाबाचा आवाज कुठीच नाही. फोनवरचे रेकॉर्डिंग बी नाही. दादाच्या व्हिडिओत असन म्हणून आले."

मी भावाकडे पाहिलं. तो टेबलावरची धूळ पुसायला लागला. त्याचं कारण मला माहीत होतं. आमच्याकडे लग्नाच्या व्हिडिओत जिवंत आवाज ठेवत नाहीत. वर गाणी टाकतात. नवरी हसते, बाप डोळे पुसतो, मामा भांडतो, सगळ्यावर एकच सनई नाहीतर सिनेमातलं गाणं. मूळ क्लिपा राहतात म्हणावं, तर मेमरी कार्डं दुसऱ्या लग्नाला लागतात म्हणून पुसली जातात. गाणं नसलेला एकच भाग असतो, तो आहेराचा. आहेराला कॅमेरा तिपाईवर ठेवून देतात आणि तो तासन्‌तास चालू राहतो. माइकवरून नावं पुकारतात. कुणी साडी दिली, कुणी स्टीलची टाकी दिली, हे प्रत्येकाला पुढे व्हिडिओत स्वतःच्या कानानं ऐकायचं असतं. एक नाव कापलं तर सात पिढ्यांचं बोलणं बंद.

"आहेराचं कुठं आहे?" मी विचारलं.

"तेच सापडून नाही राह्यलं न ताई. आधीच्या एडिटरनं केलं होतं."

हा एडिटर आदिलाबादचा तेलुगू माणूस. काहीही विचारलं की "अयिपोयिंदी" म्हणायचा, म्हणजे झालं. काम झालेलं असो नसो. आता तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला होता, आणि फोनही लागत नव्हता. त्याच्यापुरतं सगळं अयिपोयिंदी.

म्हणजे दोन संकटं होती. व्हिडिओ सापडत नव्हता, आणि सापडला तरी तुकडा कापून काढायला डिस्कवर जागा नव्हती. भावानं सकाळपासून विंडोजच्या सेटिंगमध्ये स्टोरेजचं पान उघडून ठेवलं होतं. त्यावर गोल फिरत होतं, आणि थांबलं तेव्हा सर्वांत मोठा भाग कसला, तर "इतर". कपाळाला हात लावला मी. इतर म्हणजे काय, हे सांगण्यासाठीच तर तुला उघडलं बाबा!

मी पॉवरशेल उघडलं. त्यात माउस नाही, हुकूम टाइप करायचे. निळी खिडकी आली, तसा भाऊ दोन पावलं मागे सरकला. सी ड्राइव्हमधल्या सगळ्या फायली आतपर्यंत जाऊन बघायच्या, मोठीपासून लहानपर्यंत लावायच्या आणि वरच्या तेवढ्या दाखवायच्या, असा हुकूम दिला. लगेच तांबड्या अक्षरांचा पाऊस सुरू झाला. इथे जाता येत नाही, तिथे परवानगी नाही. ओळीवर ओळी, डोळे दुखायला लागले. शाळेच्या कॉम्प्युटरवर मी जे करते तेच इथे केलं. चुका दाखवू नकोस, गुपचूप पुढे चल, असं त्याला सांगितलं:

Get-ChildItem C:\ -Recurse -File -Force -ErrorAction SilentlyContinue | Sort-Object Length -Descending | Select-Object -First 20 Length, FullName

"हे काय लिवलं?"

"लपलेल्या फायलीही बघ म्हटलं. आणि बडबड करू नको म्हटलं. तूही करू नको."

बराच वेळ काहीच दिसलं नाही. सगळ्या फायली मोजून झाल्याशिवाय ते क्रम लावू शकत नाही, तेव्हा थांबणं भाग होतं. भाऊ मात्र दर मिनिटाला "अटकलं का?" विचारत होता. मुलगी फोनमधले बाबांचे फोटो पुढे-मागे सरकवत होती.

यादी आली. आकडे बाइटमध्ये, म्हणजे लांबच लांब, आणि फायलींचे पत्ते शेवटी तीन टिंबं देऊन कापलेले. जे वाचायचं तेच नेमकं कापायचं! चडफडत शेवटी फॉरमॅट-लिस्ट जोडलं आणि पुन्हा तेवढाच वेळ वाट पाहिली. आता पूर्ण पत्ते दिसले. एका साखरपुड्याच्या तयार व्हिडिओच्या चार प्रती, फायनल, फायनल दोन अशा. ड्रोनच्या क्लिपा. आणि वरच hiberfil.sys.

"हे उडवू," भाऊ म्हणाला. "या नावाचं लग्न आपण केलंच नाही."

"अरे ती विंडोजची फाइल आहे! कॉम्प्युटर झोपवताना लागते."

"मंग काय उडवू?"

"काहीच नको! हात मागे घे."

आहेराचा पत्ता यादीत नव्हता. एवढ्या तासांची फाइल आणि वरच्या विसांत नाही, हे मला पटेना. मग मी फोल्डर मोजायला घेतले. फोल्डरला स्वतःचं वजन नसतं, त्याच्या पोटातल्या फायलींची बेरीज करावी लागते. एकेका फोल्डरची बेरीज काढली, जीबीत केली, कागदावर उतरवली. सगळ्यांची मिळून बेरीज केली, तर डिस्क जेवढी भरलेली दाखवत होती त्याच्या निम्म्यालाही पोहोचेना.

मी पुन्हा बेरीज केली. गणित शिकवते मी, बेरीज चुकत नाही माझी. तरी तिसऱ्यांदा केली. भाऊ म्हणाला, "ताई, व्हायरस असन." त्याला सगळीकडे व्हायरस दिसतो. मी त्याच्यावर खेकसले. मुलीसमोर खेकसायला नको होतं, पण सकाळपासूनचा सगळा राग त्या एका शब्दावर निघाला.

खेकसताना डोळे पडद्यावरच होते. वापरणाऱ्यांच्या नावाचे फोल्डर मी वेगळे मोजले होते. भावाचा मोठा होता. एडिटरच्या नावाचा एक होता आणि त्याच्यापुढे शून्य होतं.

"त्याचं वेगळं लॉगिन होतं?"

"हो. मायं पाहू नका म्हणे. गेला तो, रिकामंच असन आता."

रिकामं नव्हतं. मला आत जायची परवानगी नव्हती, म्हणून पॉवरशेलला तिथे काही दिसलं नव्हतं. आणि तांबड्या अक्षरांत ते मघाशी हेच ओरडून सांगत होतं. मीच त्याला गप्प बसवलं होतं. स्वतःचाच इतका राग आला की खुर्चीवरून उठून दारापर्यंत जाऊन आले.

परत येऊन पॉवरशेल बंद केलं, उजवी टिचकी मारून "रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" केलं, म्हणजे सगळीकडे शिरायचा अधिकार घेतला, आणि तोच हुकूम पुन्हा दिला. पुन्हा वाट पाहिली.

यादीत सर्वांत वर एडिटरच्या डेस्कटॉपवरची फाइल होती. सगळ्या क्लिपा जोडून केलेली एकच लांब फाइल. नाव नुसतं "aher". पुढे गाव नाही, पार्टी नाही, काही नाही.

"बापरे, हेच जागा खाऊन राह्यलं होतं," भाऊ म्हणाला, आणि सवयीनं त्याचा हात कीबोर्डकडे गेला. "हे जुनं कोणाचं तरी असन. उडवलं का सारं मोकळं—"

मी त्याच्या हातावर चापट मारली. लहानपणी मारायचे तशीच, जोरात. यादी काय मोठं आहे ते सांगते. काय नको आहे ते सांगत नाही, हे या माणसाला कुणी सांगावं!

फाइल उघडली. मांडवात स्टीलच्या भांड्यांचा ढीग, माइकवर कुणीतरी नावं पुकारतंय, लांब स्टेजवर हीच मुलगी पांढऱ्या साडीत उभी. स्टुलावरची मुलगी उठून माझ्यामागे येऊन उभी राहिली. मी पट्टी पुढे सरकवत राहिले. आहेर संपता संपत नव्हता. माणसं येत होती, बाजूला होत होती. मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळून एक आवाज आला. माणूस दिसत नव्हता, नुसता खांदा आणि घामानं भिजलेली बाही दिसत होती. आहेर लिहायचं टेबल कॅमेऱ्याच्या शेजारीच असणार.

"बाबा," ती म्हणाली.

मी पट्टी थोडी मागे घेतली आणि आवाज वाढवला. ते कुणाला तरी सांगत होते, "थो पंखा पोरीकडं फिरव न बापा. सकाळपासून उभी हाय ते. माही पोरगी काही मांगत नाही. आपणच समजून घ्या लागते." खांदा हलला. काही वेळानं स्टेजवर तिच्या पदराचं टोक उडायला लागलं, आणि तिनं डोळे मिटून चेहरा वाऱ्याकडे केला.

भावानं मान खाली घातली. फाइल चालूच होती. माइकवर पुढचं नाव आलं होतं, कुणीतरी पातेलं दिलं होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "मले वाटलं होतं, पंखा आपोआपच फिरला."