तळमजल्याचा फ्लॅट आणि पाऊण टक्का

अन्याय झाला तो एका नर्सवर आणि तिच्या आईवर. यंदाच्या अक्षय तृतीयेला, सकाळी अकराच्या सुमाराला, पूजेचं तबक अजून उचललंही नव्हतं तेव्हा. जागा म्हणजे वर्ध्यात मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीतला तळमजल्याचा फ्लॅट. मालकीण माझी आई. अन्याय करणारे माझे बाबा. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी म्हणायला नको की बाहेरच्यांवर पत्रकं काढणाऱ्या पोरीनं घरचं झाकलं.

आम्ही हिंगणघाटचे. बाबांचं हार्डवेअरचं दुकान, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. राहता फ्लॅट आहेच. आई निवृत्त झाली, तिचे पैसे बँकेत आले, आणि बाबांच्या डोक्यात दुसरा फ्लॅट शिरला. वर्ध्याला, भाड्यानं द्यायला. आईला गुडघ्याचं बघायचं होतं, पण ते तिनं एकदाच म्हटलं. मग बाबा म्हणाले, "तुह्याच नावावर घेऊ. बाईच्या नावानं रजिस्ट्री केली का मुद्रांकात एक टक्का सूट भेटते." आईनं मान हलवली. आमच्याकडं बाईच्या नावावर घर होतं ते असं.

मी कंत्राटी नर्सेसच्या पगारासाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटात आहे. पत्रकं लिहिते, वाटते, शिव्या खाते. बाबांना ते काम आवडत नाही, पण हिशेब मला नीट येतो हे त्यांना ठाऊक आहे.

"एका पानात लिहून दे मले," ते म्हणाले. "भाडं किती सुटते, रिकामा राहाचा धोका किती, खर्चापाण्यात किती जाते. तुह्या भाषणासारखं नको लिहू."

मी मनापासून लिहिलं. आईचा पैसा होता. चार वेळा वर्ध्याला गेले, त्या इमारतीत भाड्यानं राहणाऱ्यांशी आणि सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलले. सेक्रेटरी साहेबांनी पोरांचे कपडे वाळत असलेल्या दोऱ्यांकडं बोट दाखवून सांगितलं, "परीक्षा झाली का पोट्टे पळतात, ॲडमिशन होईस्तोवर कोणी येत नाही. दोन महिने धरूनच चाला मॅडम."

पानावर मी जे लिहिलं ते साधारण असं होतं. फ्लॅट, मुद्रांक, नोंदणी, रंगरंगोटी धरून चोवीस लाख. भाडं महिन्याला आठ हजार, म्हणजे वर्षाला शहाण्णव हजार. दलाल सांगतो ते चार टक्के हेच. त्यात खर्च नाही, रिकामे महिने नाहीत. सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी आणि दुरुस्ती मिळून वर्षाला तेवीस-चोवीस हजार जातील. दुरुस्ती जास्त धरली, कारण तळमजला आहे, मागच्या भिंतीला ओल आहे आणि सांडपाण्याचं चेंबर आपल्याच गॅलरीखाली आहे. म्हणून तर तो स्वस्त मिळतोय. भाडेकरू बारा महिने राहिला तर हातात तीन टक्के. दोन महिने रिकामा राहिला तर सव्वादोनच्या जरा वर. सहा महिने रिकामा राहिला तर एक टक्का. मुदत ठेवीत यापेक्षा कितीतरी जास्त मिळतं, आणि ठेवीला ओल येत नाही. घेऊ नये. घ्यायचाच असेल तर विद्यार्थ्यांच्या भरवशावर घेऊ नये. दवाखान्यात बारमाही नोकरी करणारा भाडेकरू आधी ठरवावा, मगच बयाणा द्यावा.

बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "ठेवीची गोष्ट सोड. ठेव कोणाले दाखवता येते का? फ्लॅट दाखवता येते." मग शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे बरोबर लिहिलं. नोकरीवाला पाहा. तुह्या ओळखीत असन तर सांग."

माझ्या ओळखीत होती. आमच्या गटातलीच, त्याच दवाखान्यात रात्रपाळी करणारी. गाव समुद्रपूर तालुक्यात. तिच्या आईचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस त्याच दवाखान्यात. दोनदा एसटी, दोनदा बस बदलणं, परतताना त्या माऊलीला खिडकीला डोकं टेकून ओकाऱ्या. वर्ध्यात तिला तळमजलाच हवा होता, दवाखान्याला लागून. तीन ठिकाणी विचारून झालं होतं.

मी तिला फ्लॅटचं आणि माझ्या त्या कागदाचं सांगितलं तेव्हा तिनं आधी विचारलं, "पायऱ्या किती हायेत ताई?"

"दोन."

"दोन चालते. ओल हाये म्हणता? आमच्या घरी तर नदीच हाये. मी अकरा महिन्याचा करार करते, मंग आणखी अकरा, मंग आणखी. मले हाकलाल तेव्हाच निघीन."

बाबांना मी सांगितलं, दवाखान्यातली नर्स आहे, आई आजारी, बारा महिने राहील. ते खूश झाले. "मंग तीन टक्के पक्के," म्हणाले. आडनाव त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सांगायची गोष्टच नव्हती. पगार किती, करार किती, पोलीस पडताळणी करून देईल का, एवढं सांगायचं असतं, ते सांगितलं. बयाणा गेला, रजिस्ट्री झाली, आईनं चार-पाच ठिकाणी सह्या केल्या.

अक्षय तृतीयेला पूजा. हिंगणघाटहून काका-काकू आले, सेक्रेटरी साहेब सपत्नीक आले. नर्स रात्रपाळी करून सरळ आली, आईला हाताला धरून. अनामत रक्कम तिनं रुमालात बांधून आणली होती, सोबत मावशींनी, म्हणजे तिच्या आईनं, घरून आणलेल्या शेवया. माझ्या आईनं त्यांना सतरंजीवर बसवलं, पन्हं दिलं. मावशी भिंतीवरून हात फिरवत म्हणाल्या, "चांगलं थंडं हाये घर." ओलीला थंडावा म्हणणारी पहिली बाई मी तिथं पाहिली.

बाबा हसतमुखानं येऊन बसले. "गाव समुद्रपूरकडचं म्हणते पोरगी. आमच्या दुकानात तिकडले लय गिऱ्हाईक येतात. आडनाव काय म्हटलं?"

तिनं सांगितलं. साधं, ऐकू येईल असं.

मी बाबांचा चेहरा बघत होते. काही फार घडलं नाही त्यावर. पन्ह्याचा ग्लास त्यांनी खाली ठेवला, एवढंच. काकूनं काकांकडं बघितलं, सेक्रेटरी साहेबांनी पंख्याकडं. मग बाबा म्हणाले, अगदी गोड आवाजात, "अवं, तुम्हाले सांगाचंच राह्यलं. हा फ्लॅट आमच्या पोरीलेच पाहिजे. ते इथं राहाले येऊन राह्यली. काम इकडंच हाये तिचं."

पोरगी म्हणजे मी. समोरच उभी.

"मले नाही पाहिजे," मी म्हटलं. "मी कुठं येऊन राह्यली? बाबा, तुम्ही काऊन खोटं बोलता? आडनाव ऐकल्यावर मी इथं राहायला आले का?"

"तू चूप बस."

"घर आईचं आहे. आईला विचारा."

सगळे आईकडं वळले. आयुष्यभर वर्गात ज्या बाईला हजेरी घेताना कधी कुणाच्या आडनावाशी थांबलेलं मी पाहिलं नाही, ती तबकातल्या अक्षता बोटानं एका बाजूला करत राहिली. मी वाट बघितली. ती म्हणाली, "शेवया ठेवून जा बाई, डबा मी पाठवून देईन." एवढंच ती म्हणाली.

नर्स उठली. "राहू द्या काका," तिनं म्हटलं. "खोटं काऊन बोलता, आजच्या दिवशी? आम्हाले सवय हाये." मावशींना काही कळलं नव्हतं, त्या दोन पायऱ्या उतरताना विचारत होत्या, "मंग सामान केव्हा आणाचं?" शेवयांचा डबा तिनं उचलून नेला.

मी मागं धावले. बसस्टँडपर्यंत दोघींसोबत चालले. काय काय बोलले मी! तक्रार करू, पत्रक काढू, सेक्रेटरीला साक्षीला ओढू. ती ऐकत होती. मावशींना बाकावर बसवून पाणी पाजलं, मग माझ्याकडं वळून हसली.

"ताई, तुमच्या त्या कागदात आम्ही होतो ना? किती टक्क्याची होती मी?"

मला हिशेब येतो. दोन महिने रिकामे न राहणं म्हणजे पाऊण टक्क्याला जरा कमी. मी तिला सांगितलं.

"पाऊणही नाही?" ती म्हणाली. "मंग तुमच्या बाबाले लय महागात नाही पडली." आणि बस लागली म्हणून मावशींना उठवू लागली.

तक्रार झाली नाही. ती नको म्हणाली. कंत्राट दर सहा महिन्यांनी नवं होतं, दवाखान्यात नाव निघालं तर आईचं डायलिसिस कुठं करायचं, हा तिचा प्रश्न होता आणि माझ्या गटाकडं त्याचं उत्तर नव्हतं. त्या अजूनही एसटीनंच येतात. मावशींना आता दोन माणसं लागतात बसमध्ये चढवायला.

फ्लॅट रिकामा आहे. उन्हाळ्यात विद्यार्थी नव्हते. पावसाळ्यात आले तेव्हा ओलीनं मागच्या खोलीचा रंग फुगून खाली आला होता, आणि चेंबर तुंबून वास. एका कुटुंबानं बघून नाक दाबलं. दुसरं 'आपल्यातलं' होतं, त्यांना तळमजला नको होता. मी सहा महिन्यांचा आकडा लिहिला होता तो नुसता भीती घालायला लिहिला, असं मलाच वाटलं होतं. आता आम्ही त्याच्याही खाली आहोत. मेंटेनन्स दर महिन्याला जातो, आईच्या खात्यातून, कारण मालकीण ती. गुडघ्याचं पुढच्या वर्षी बघू म्हणते. मी एकदा चिडून तिला विचारलं, तू का बोलली नाहीस? ती म्हणाली, "मह्या नावावर हाये, मह्या हातात थोडंच हाये." तिचंही खरं, आणि त्या नर्सला त्याचा काय उपयोग?

मला वाटायचं, माणसाला नुकसान आकड्यात दाखवलं की तो शहाणा होतो. आमची सगळी पत्रकं याच भरवशावर लिहिलेली असतात. बाबांना नुकसान दिसतं. दर महिन्याला ते स्वतः मला फोनवर सांगतात, किती गेले. ते त्यांना परवडतं. मागच्या आठवड्यात म्हणाले, "तुले लिहिता येते, एक चांगली जाहिरात करून दे. फक्त शाकाहारी फॅमिलीसाठी, असं वरतं मोठं लिहिजो." मी नाही म्हटलं. त्यांनी दुकानातल्या माणसाकडून लिहून घेतली. ती आता गेटला लटकते आहे, आणि इमारतीत तशा आणखी तीन आहेत.

तर तुम्ही, जे हे वाचताय. तुमचंही एखादं घर भाड्यानं द्यायचं असेल, नाहीतर द्यायच्या विचारानं घ्यायचं असेल. फोन येईल. नोकरी विचारा, भाडं सांगा, करार करा, पडताळणी करा. आडनाव करारावर लिहिताना कळेलच. त्याआधी विचारू नका, आणि कळल्यावर घरात अचानक पोरगी राहायला आणू नका. गेटवर 'फक्त अमुक लोकांसाठी' अशी पाटी असेल तर ती आज उतरवा. उद्या नाही. आज.