टाकीचं पाणी

पनवेलच्या बाजारात आमचं नळ-गिझरचं दुकान आहे. वडिलांनी ते सुरू केलं तेव्हा गल्ल्यावर बसायच्या आधी मला एक गोष्ट घोकून घ्यायला लावली. गिझरचा बॉक्स खाली काढायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारायचं : पाणी कुठून येतं, आणि किती उंचावरून? दोन्ही प्रश्न. एकावर थांबायचं नाही. गिऱ्हाईक वैतागतं, त्याला रंग बघायचा असतो. वैतागू दे.

मी पंचवीस वर्षं विचारत आलोय. एका फार्महाऊसवाल्याला मी गॅसचा इन्स्टंट गिझर विकला नाही, कारण त्याची टाकी शॉवरच्या जेमतेम सहा फूट वर होती. तेवढ्या दाबाने तो गिझर पेटलाच नसता. तो रागावून दुसऱ्या दुकानात गेला आणि महिन्याभराने परत आला, गिझर पेटत नाही म्हणून. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. माझा स्वभावच तसा आहे, आपलं खरं ठरलं की चार दिवस पुरतं.

नेऱ्याला माझ्या थोरल्या बहिणीचं घर होतं. स्लॅबवर टाकी, न्हाणीघर खालीच. दाजींना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांना रोज स्टुलावर बसवून कोमट पाण्याने आंघोळ घालायचं काम ताईवर आलं. चुलीवरचं पाणी उचलून तिची कंबर गेली, म्हणून गिझर मी माझ्या हाताने निवडला. तांब्याची टाकी, पाटीवर सोसायचा दाब दोन बार. बार म्हणजे पाण्याच्या दाबाचं माप. टाकी नळापासून दहा मीटर उंच असली की साधारण एक बार मिळतो. तिच्याकडे पाव बारही नव्हता, तेव्हा दोन बारचा गिझर म्हणजे चैन. सेफ्टी व्हॉल्व्हही दोन बारलाच उघडणारा, साधा. पाणी तापून फुगलं की आलेल्या पाइपातून मागे स्लॅबवरच्या टाकीकडे सरकायचं. सात वर्षं त्याने कुरकुर केली नाही. ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, माझ्या भावाने दिलाय.

मग त्यांनी विचुंब्याला फ्लॅट घेतला, दाजींना दवाखाना जवळ पडावा म्हणून. वास्तुशांतीला मी गेलो नाही. दिवाळीचा सीझन होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे फ्लॅट बघायला जाताना त्यांनी मला सोबत नेलं नव्हतं, तो राग होता. आज तो राग आठवला की लाज वाटते. गेलो असतो तर लिफ्टमध्ये बारा बटणं दिसली असती.

नंतर ताईचा फोन आला. जुना गिझर सोबत आणलाय, इथे लावला तर चालेल का, असं विचारत होती. समोर तीन गिऱ्हाइकं उभी. मी विचारलं, पाणी कुठलं? ती म्हणाली, टाकीचंच हाय. मी म्हटलं, मग लाव.

पहिला प्रश्न विचारला, दुसरा नाही. आमच्या धंद्यात टाकीचं पाणी म्हणजे कमी दाबाचं आणि थेट लाइनचं किंवा पंपाचं म्हणजे जास्त दाबाचं, असं तोंडात बसलेलं असतं. पण ती टाकी बाराव्या मजल्याच्या गच्चीवर आणि ताई दुसऱ्यावर. मधे तीस-बत्तीस मीटर उभा पाइप. तीन बारच्या वर दाब, आणि खालच्या मजल्यांसाठी तो कमी करणारा व्हॉल्व्ह बिल्डरने लावलेला नव्हता.

गिझर लावला त्याच दिवसापासून व्हॉल्व्ह गळू लागला. तो बिचारा आपलं काम करत होता, दोन बारच्या वर गेलं की सोडायचं. ताईने बिल्डिंगच्या प्लंबरला बोलावलं. त्याला वाटलं व्हॉल्व्ह खराब झाला. त्याच्या पिशवीत होता तो आठ बारचा व्हॉल्व्ह त्याने बसवला, पाणी मागे जाऊ न देणारा. गळणं थांबलं. ताईने मला पुन्हा फोन करून सांगितलं, व्हॉल्व्ह बदलला, आता थेंबही नाय. मी म्हटलं, छान झालं.

छान झालं म्हणालो मी. शिकाऊ पोरालाही कळलं असतं की जुना गिझर नव्या जागी गळतो तेव्हा आधी दाब बघायचा असतो. आता गिझरची टाकी दोन बारची आणि तिचा राखणदार आठ बारला जागा होणारा. पाणी मागे जायची वाटही बंद. रोज सकाळी पाणी तापायचं, फुगायचं, आणि सगळा जोर गिझरच्या टाकीच्या त्या सात वर्षांच्या सांध्यावर यायचा. अडीच महिने तो सांधा टिकला.

सांधा फुटला तेव्हा दाजी स्टुलावर होते, गिझरच्या बरोबर खाली. त्यांना उठता येत नव्हतं. ताई त्यांच्यावर वाकली आणि वरून येणारं कढत पाणी तिने आपल्या उजव्या खांद्यावर घेतलं. दाजींना फक्त पावलांवर भाजलं. ताईचा हात खांद्यापासून कोपरापर्यंत.

दवाखान्यात मी रोज जात होतो. प्लंबरला शिव्या मी घातल्या, बिल्डरला घातल्या, मोठमोठ्याने, कॉरिडॉरमध्ये. ताई डोळे मिटून पडून राहायची. कातडी भरून आली, पण खांदा आखडला तो आखडलाच. हात छातीच्या वर जात नाही. दाजींना आंघोळ घालायला आता एक माणूस येतो. दाजी त्याच्यापुढे संकोचतात, कधी कधी आंघोळच नको म्हणतात. तीस वर्षं ज्या बाईशिवाय त्यांचं पान हललं नाही, ती दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी असते. हे मी बघितलंय. ते बघितल्यापासून मला त्या घरी जेवण जात नाही.

चार महिन्यांनी ताई दुकानात आली. एकटी, रिक्षाने. मी काउंटरच्या आत खुर्ची दिली. ती आत आली नाही. बाहेरच्या बाजूला, गिऱ्हाइकं उभी राहतात तिथे उभी राहिली आणि म्हणाली, गिझर पायजे.

मी काय काय बोलत सुटलो. आठ बारचा देतो, त्याच्याच बॉक्समधला व्हॉल्व्ह लावायचा, दुसरा नाही. त्याच्या आधी लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह. पाणी तापताना दोन-चार थेंब पडले तर पडू दे, त्याला पाइप जोडून मोरीत सोडू. मी स्वतः येऊन लावतो. बोलता बोलता फळीवरचा बॉक्स खाली ओढला.

तिने डावा हात बॉक्सवर ठेवला.

"आधी इचार," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाला इचारतोस ना? आज मी गिऱ्हाईक हाय."

मी बॉक्सवरचा हात काढला. दुकानात कामाला असलेला माणूस माझ्याकडे बघत होता. मी विचारलं, पाणी कुठून येतं?

"टाकीतून."

किती उंचावरून?

"बाराव्या मजल्यावरून," ताई म्हणाली. "मी दुसऱ्यावर राहते."